पैसा वाढला, भाव उशिरा वाढले: अमेरिका 2020 ते 2023 आणि भ्रमणवेगाचा हिशेब

फेब्रुवारी 2020 मध्ये अमेरिकेतला व्यापक पैसा, म्हणजे मुख्यतः रोकड आणि बँक ठेवी मिळून होणारा M2, सुमारे 15.4 लाख कोटी डॉलर होता. वर्षभरानंतर तो साडेएकोणीस लाख कोटींच्या आसपास पोहोचला. एका वर्षात 27 टक्क्यांच्या जवळपास झालेली ही वाढ 1959 पासूनच्या नोंदींमध्ये कधीच दिसली नव्हती. त्याच वर्षी वास्तव उत्पादन वाढायचं सोडून घटलं होतं. चलन संख्यामान सिद्धांताची सर्वांना पाठ असलेली मांडणी सांगते की पैशाचा पुरवठा उत्पादनापेक्षा वेगाने वाढला की भाव वाढतात. तरीही फेब्रुवारी 2021 मध्ये ग्राहक किंमत निर्देशांकावरची भाववाढ 2 टक्क्यांच्याही खाली होती. सोळा महिन्यांनी, जून 2022 मध्ये, ती 9.1 टक्क्यांवर गेली. पुढच्या वर्षी तर M2 आकुंचन पावत होता आणि भाव मात्र वाढतच होते.

वरवर पाहिलं तर सिद्धांत आधी खोटा, मग खरा आणि मग पुन्हा खोटा ठरला असं वाटतं. प्रत्यक्षात समीकरण तिन्ही वेळा बरोबरच होतं, कारण ते चुकूच शकत नाही. चुकतो तो समीकरणातल्या एका पदाबद्दलचा अंदाज, आणि ते पद म्हणजे भ्रमणवेग. या चार वर्षांच्या प्रकरणात भ्रमणवेग कसा हलला आणि का हलला, हे एकदा नीट पाहिलं की सिद्धांताचा भाकितासाठी उपयोग कुठे होतो आणि कुठे थांबतो ते समजतं.

समीकरणात काय घालायचं

अर्विंग फिशरने व्यवहारांच्या एकूण संख्येवर आधारलेलं समीकरण मांडलं होतं. सगळे व्यवहार मोजणं शक्य नसल्याने आज त्याचं उत्पन्नावर आधारलेलं रूप वापरतात:

```
M × V = P × Y
V = (नाममात्र GDP) / M
```

इथे M हा पैशाचा साठा, Y हे वास्तव उत्पादन आणि P ही एकूण किंमतपातळी. P × Y म्हणजे चालू किमतींना मोजलेला नाममात्र जीडीपी. V हा भ्रमणवेग, म्हणजे साठ्यातला एक डॉलर वर्षभरात अंतिम वस्तू आणि सेवांच्या खरेदीत सरासरी किती वेळा वापरला गेला तो आकडा. V कोणी मोजत नाही, तो भागाकारातून निघतो. म्हणूनच समीकरण नेहमी जुळतं. त्याला सिद्धांताचं रूप येतं ते V स्थिर आहे, किंवा निदान त्याच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो, असं गृहीत धरल्यावरच.

अमेरिकेची मध्यवर्ती बँक म्हणजे फेडरल रिझर्व्ह, थोडक्यात फेड. तिच्या सेंट लुइस शाखेच्या FRED या संकेतस्थळावर अमेरिकेचे आकडे मोफत मिळतात. पैशासाठी `M2SL`, नाममात्र जीडीपीसाठी `GDP`, वास्तव जीडीपीसाठी `GDPC1`, किंमतपातळीसाठी `GDPDEF` आणि तयार भ्रमणवेग हवा असेल तर `M2V`. इथे तीन ठिकाणी लोक हमखास अडखळतात.

पहिली अडचण काळाची. M हा एखाद्या क्षणीचा साठा असतो, तर जीडीपी हा कालावधीतला प्रवाह. अमेरिकेचे तिमाही जीडीपीचे आकडे आधीच वार्षिक दराने दिलेले असतात, त्यामुळे त्यांना तिमाहीच्या सरासरी M2 ने सरळ भागता येतं. भारताचे तिमाही आकडे तसे नसतात, ते त्या तीन महिन्यांचेच असतात. तिथे मागच्या चार तिमाहींची बेरीज घ्यावी लागते, नाहीतर भ्रमणवेग खऱ्याच्या एक चतुर्थांश दिसतो.

दुसरी अडचण P ची. समीकरणातला P हा जीडीपी डिफ्लेटर आहे, ग्राहक किंमत निर्देशांक नाही. डिफ्लेटरमध्ये यंत्रसामग्री, सरकारी खर्च आणि निर्यातही येते, आयात येत नाही. बातम्यांतला 9.1 टक्के हा आकडा ग्राहक निर्देशांकाचा आहे. तो घटनाक्रम सांगायला चालतो, हिशेबात बसवायला चालत नाही.

तिसरी अडचण फक्त या काळापुरती, पण मोठी आहे. M1 हे पैशाचं M2 हून अरुंद मोजमाप. त्याची व्याख्या मे 2020 पासून बदलली आणि बचत खात्यांतल्या ठेवी त्यात धरल्या जाऊ लागल्या. आलेखात M1 पाच लाख कोटींच्या आतून एकदम सोळा लाख कोटींवर उडी मारताना दिसतो. पैसा रातोरात तिप्पट झाला असं दाखवणारे अनेक आलेख समाजमाध्यमांवर फिरले ते यामुळेच. बचत ठेवी M2 मध्ये आधीपासूनच होत्या, म्हणून M2 च्या मालिकेत ही खोटी पायरी येत नाही. या काळासाठी M2 वापरायचा तो याच कारणाने.

सुरुवातीची मोजणी

2019 च्या शेवटच्या तिमाहीत M2 ची सरासरी सुमारे 15.25 लाख कोटी डॉलर आणि नाममात्र जीडीपी वार्षिक दराने सुमारे 21.9 लाख कोटी होता. भागाकार केला की V येतो सुमारे 1.44. पुढची सगळी तुलना या तिमाहीशी करू.

एप्रिल ते जून 2020 मध्ये M2 ची सरासरी सुमारे 17.7 लाख कोटींवर गेली आणि जीडीपी जवळपास 20 लाख कोटींवर उतरला. V झाला 1.13. म्हणजे पैसा 16 टक्के वाढला, भ्रमणवेग 21 टक्के घसरला, वास्तव उत्पादन सुमारे 9 टक्के कमी झालं आणि किंमतपातळी जिथल्या तिथे राहिली. पैशातली सगळी वाढ भ्रमणवेगाने गिळली, आणि वर उत्पादनातली घटही त्याच्याच वाट्याला आली.

इतक्या मोठ्या टक्केवाऱ्यांसोबत काम करताना एक सावधगिरी लागते. दोन-चार टक्क्यांच्या बदलांसाठी "पैशाची वाढ अधिक वेगाची वाढ बरोबर भावाची वाढ अधिक उत्पादनाची वाढ" ही बेरीज पुरते. सोळा, एकवीस, चाळीस अशा टक्क्यांसाठी गुणाकारच करावा लागतो. 1.16 ला 0.785 ने गुणलं की 0.91 येतं, आणि जीडीपी खरोखरच तेवढा खाली आला होता. नुसती बेरीज केली तर पाच टक्के घट निघते, जवळपास अर्धीच.

भ्रमणवेग का कोसळला

V कोसळल्याची नोंद करून पुढे गेलं तर भाकितासाठी हाती काहीच उरत नाही. घसरण टिकाऊ आहे की तात्पुरती, हे ठरवायचं तर नवा पैसा कोणत्या वाटेने आला आणि कोणाच्या हातात जाऊन थांबला ते पाहावं लागतं.

मार्च 2020 पासून फेडरल रिझर्व्हने सरकारी रोखे आणि गृहकर्जांवर आधारलेले रोखे प्रचंड प्रमाणात विकत घेतले. फेडचा ताळेबंद फेब्रुवारीतल्या सव्वाचार लाख कोटींच्या आतून जूनपर्यंत सात लाख कोटींच्या वर गेला. फेड एखाद्या बँकेकडून रोखा विकत घेते तेव्हा फक्त बँकेची फेडमधली राखीव शिल्लक वाढते, आणि ती शिल्लक M2 मध्ये धरली जात नाही. बँकेतर गुंतवणूकदाराकडून रोखा घेतला तर त्याच्या बँक खात्यातली ठेव वाढते, आणि ती M2 मध्ये धरतात. त्याच आठवड्यांत मोठ्या कंपन्यांनी धास्तीने मंजूर कर्जमर्यादा उचलल्या. बँकेने कर्ज दिलं की कर्जदाराच्या खात्यात नवी ठेव तयार होते, त्यामुळे तीही भर M2 मध्ये पडली. छोट्या उद्योगांना पगार देता यावेत म्हणून सरकारी हमीवर दिलेल्या कर्जांनीही तेच केलं.

याहून महत्त्वाची वाट सरकारी खर्चाची होती. 27 मार्च 2020 च्या केअर्स कायद्याने सुमारे 2.2 लाख कोटी डॉलरची मदत मंजूर केली. त्यात पात्र प्रौढांना 1,200 डॉलर थेट मिळाले, आणि बेरोजगारी भत्त्यावर दर आठवड्याला 600 डॉलर जास्तीचे. डिसेंबरमध्ये आणखी 600 डॉलरचा हप्ता आला आणि मार्च 2021 मध्ये 1.9 लाख कोटींच्या नव्या योजनेतून 1,400 डॉलरचा. हा पैसा थेट घरांच्या खात्यांत गेला.

आणि तिथेच थांबला. उपाहारगृहं, विमानं, केशकर्तनालयं, नाट्यगृहं बंद होती. एप्रिल 2020 मध्ये अमेरिकी कुटुंबांनी खर्चण्याजोग्या उत्पन्नाचा जवळपास तिसरा हिस्सा वाचवला. एरवी हे प्रमाण सात-आठ टक्के असतं. फेडच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेच्या अंदाजानुसार ऑगस्ट 2021 पर्यंत अशी जादा बचत सुमारे 2.1 लाख कोटी डॉलर झाली होती. V कोसळला याचा अर्थ इतकाच की खात्यांत पैसा साचत होता आणि खर्च होत नव्हता.

बचतीचं हे स्वरूप बारकाईने पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर ठरलं. लोकांनी पैसा स्वतःच्या इच्छेपेक्षा जास्त धरून ठेवला होता. खर्चाच्या वाटा बंद होत्या, आणि त्या उघडतील हे सगळ्यांना माहीत होतं. अशा वेळी V ची घसरण उधारीवर असते, केव्हातरी ती परत फिरते.

2008 च्या आठवणीने केलेली दिशाभूल

2020 च्या शेवटी बहुतेक विश्लेषकांच्या मनात वेगळं उदाहरण होतं. 2008 नंतरच्या सहा वर्षांत फेडने मूळ पैसा, म्हणजे चलनी नोटा आणि बँकांच्या राखीव शिलकी, पाऊण-एक लाख कोटींवरून चार लाख कोटींच्या घरात नेला. भयंकर भाववाढ येणार अशी भाकितं तेव्हा झाली आणि ती फसली. भाववाढ साधारण दोन टक्क्यांच्या आसपास किंवा खाली राहिली. यातून अनेकांनी असा धडा घेतला की पैशाच्या आकड्यांकडे पाहणंच निरर्थक आहे.

तो धडा अर्धवट होता. 2008 नंतर चौपट झाला तो मूळ पैसा. M2 मात्र वर्षाला सहा-सात टक्क्यांनीच वाढत होता. फेडने ऑक्टोबर 2008 पासून राखीव शिलकींवर व्याज द्यायला सुरुवात केली होती, बँकांची भांडवली स्थिती कमकुवत होती आणि कुटुंबं कर्ज फेडत होती. राखीव शिलकी बँकांच्या फेडमधल्या खात्यांतच पडून राहिल्या, लोकांच्या ठेवींत उतरल्या नाहीत. शिवाय M2 चा भ्रमणवेग 1.9 च्या आसपासहून दीडपर्यंत हळूहळू घसरत गेला. त्या घसरणीला व्याजदर शून्याजवळ असण्याचा आणि घरांना पैसा गाठीशी ठेवावासा वाटण्याचा आधार होता. ती घसरण लोकांच्या इच्छेने झाली होती, म्हणून ती उलटली नाही.

दोन्ही प्रसंगांत V खालीच गेला. एकदा लोकांनी पैसा धरून ठेवायचं ठरवलं होतं, दुसऱ्यांदा खर्च करण्याची सोय नव्हती. भागाकारातून येणाऱ्या आकड्यात हा फरक कधीच दिसत नाही. त्यासाठी ठेवी कोणाच्या नावावर वाढल्या आणि कर्ज फेडलं जातंय की नवीन घेतलं जातंय, हे बघावं लागतं.

फेब्रुवारी 2021 मध्ये उभं राहून भाकीत

आता फेब्रुवारी 2021 मध्ये हाती असलेल्या आकड्यांवरून 2022 च्या अखेरीपर्यंतचं भाकीत करून पाहू. M2 साडेएकोणीस लाख कोटींवर आहे. उत्पादन पूर्वीच्या वाटेवर परतलं, तर तीन वर्षांत ते 2019 च्या शेवटापेक्षा साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढेल. अमेरिकेची दीर्घकालीन वाढ वर्षाला पावणेदोन ते दोन टक्के असते, त्यावरून हा अंदाज. M आणि Y ठरले, आता राहिला V.

V 1.13 वरच राहिला तर नाममात्र जीडीपी 22 लाख कोटी होईल, 2019 च्या शेवटाइतकाच. उत्पादन साडेपाच टक्के वाढायचं असेल तर भाव चार-पाच टक्क्यांनी उतरायला हवेत. V 1.44 वर पूर्ण परतला तर नाममात्र जीडीपी सुमारे 28 लाख कोटी होईल. त्यातून उत्पादन वजा केलं, म्हणजे 1.28 ला 1.055 ने भागलं, तर भाव तीन वर्षांत सुमारे 21 टक्के वाढतील, वर्षाला साडेसहा टक्क्यांच्या वर. V अर्ध्या वाटेवर, 1.28 ला, थांबला तर नाममात्र जीडीपी 25 लाख कोटी आणि भाव तीन वर्षांत आठ टक्के, वर्षाला अडीच टक्क्यांच्या थोडं वर.

त्याच M आणि Y मधून उणे पाचपासून अधिक एकवीसपर्यंत काहीही निघू शकतं. भ्रमणवेगाचा स्वतंत्र अंदाज नसताना "पैसा इतका वाढला म्हणून भाव इतके वाढतील" असं सांगणं हवेतलं का असतं, ते या तीन ओळींत दिसतं. पण पट्टा रुंद आहे म्हणजे तो निरुपयोगी आहे असं नाही. V खाली राहण्यासाठी कुटुंबांनी दोन लाख कोटींची जादा बचत कायमची धरून ठेवायला हवी होती. लसीकरण सुरू होतं, दुकानं उघडत होती, नवे धनादेश निघणार होते आणि बचत खात्यावर व्याज जवळपास शून्य मिळत होतं. V वर परतण्याकडे पारडं झुकतं हे त्या वेळीही दिसू शकत होतं, आणि तो अर्धा परतला तरी फेडचं दोन टक्क्यांचं लक्ष्य ओलांडलं जाणार होतं.

आणखी एक गोष्ट त्या वेळी पाहायला हवी होती. अमेरिकी खजिन्याचं फेडमधलं खातं 2020 च्या उत्तरार्धात दीड लाख कोटी डॉलरच्या वर होतं. सरकारच्या ठेवी M2 मध्ये धरत नाहीत. सरकार त्या खात्यातून धनादेश काढतं तेव्हा रक्कम लोकांच्या खात्यांत येते आणि नव्याने M2 मध्ये दिसू लागते. हे खातं 2021 मध्ये रिकामं होत गेलं. M2 साडेएकोणीसवर थांबेल हे वरचं गृहीतक म्हणूनच कच्चं होतं. 2021 च्या अखेरीस M2 साडेएकवीस लाख कोटींच्या आसपास होता.

प्रत्यक्षात काय झालं

2022 च्या शेवटच्या तिमाहीत M2 ची सरासरी सुमारे 21.4 लाख कोटी, नाममात्र जीडीपी सुमारे 26.7 लाख कोटी आणि V सुमारे 1.25 होता. 2019 च्या शेवटाशी तुलना केली तर पैसा 40 टक्के वर, भ्रमणवेग 13 टक्के खाली, वास्तव उत्पादन 6 टक्के वर आणि डिफ्लेटर जवळपास 15 टक्के वर. V स्थिर धरून हिशेब केला असता तर 32 टक्के भाववाढ निघाली असती, प्रत्यक्षापेक्षा दुपटीहून जास्त.

भाव कसे पसरत गेले हेही बघण्यासारखं आहे. 2021 च्या उन्हाळ्यात भाववाढ मोजक्या वस्तूंत होती. जूनमध्ये जुन्या मोटारी वर्षभरात 45 टक्के महागल्या होत्या, कारण चिपच्या तुटवड्याने नव्या गाड्या तयार होत नव्हत्या. तेव्हा बहुतेकांनी हा सापेक्ष किमतींचा बदल मानला आणि तो ओसरेल असं म्हटलं. सापेक्ष बदल आणि सर्वसाधारण भाववाढ यांत फरक करायचा एक सोपा मार्ग आहे: सरासरीऐवजी मध्यक पाहायचा. क्लीव्हलँड फेड दर महिन्याला मध्यक भाववाढ प्रसिद्ध करते, ज्यात एखाद्या वस्तूच्या उसळीने आकडा हलत नाही. 2021 च्या मध्यापर्यंत हा मध्यक दोन-सव्वादोन टक्क्यांजवळ होता. नंतर तो चढत गेला आणि 2022 च्या अखेरीस सात टक्क्यांच्या आसपास पोहोचला. एव्हाना सेवा आणि घरभाडीही महागली होती. घरभाड्यांचा आकडा निर्देशांकात मुळातच उशिरा उमटतो, कारण एका घराची नोंद सहा महिन्यांनी एकदा होते आणि करारही वर्षाचे असतात.

पैसा घटला तरी भाव का उतरले नाहीत

प्रकरणाचा तिसरा भाग सर्वांत शिकवणारा आहे. मार्च 2022 पासून फेडने व्याजदर शून्याजवळून वाढवत जुलै 2023 पर्यंत 5.25 ते 5.50 टक्क्यांवर नेला, आणि जून 2022 पासून ताळेबंद आकुंचित करायला सुरुवात केली. एप्रिल 2023 मध्ये M2 वर्षभरापूर्वीपेक्षा साडेचार टक्क्यांहून जास्त खाली होता. अशी वार्षिक घट 1930 च्या दशकातल्या महामंदीनंतर पाहिली गेली नव्हती. नुसत्या M कडे पाहणाऱ्यांनी किमती उतरतील आणि मंदी येईल असं सांगितलं. दोन्हींपैकी काहीच झालं नाही.

2022 च्या शेवटापासून 2023 च्या शेवटापर्यंतचा हिशेब असा. M2 सुमारे 3 टक्के खाली, V सुमारे 1.25 वरून 1.36 वर, म्हणजे 9 टक्के वर. गुणाकार केला की नाममात्र जीडीपी 6 टक्के वर. त्यातले तीन टक्क्यांहून थोडं जास्त वास्तव उत्पादनात गेले आणि अडीच टक्क्यांच्या आसपास भावांत.

V चढण्यामागे दोन कारणं होती. एक तर आधीच साचलेली बचत अजून वापरली जात होती. दुसरं कारण व्याजाचं. चालू किंवा बचत खात्यावर जवळपास काही मिळत नसताना सरकारी हुंड्या आणि मनी मार्केट फंड पाच टक्के देऊ लागले. पैसा खात्यात पडून ठेवणं महाग झालं, म्हणून लोक आणि कंपन्या तेवढ्याच व्यवहारांसाठी कमी शिल्लक ठेवू लागल्या. यात मोजणीचाही भाग आहे: किरकोळ ग्राहकांचे मनी मार्केट फंड M2 मध्ये येतात, संस्थात्मक गुंतवणूकदारांचे येत नाहीत. कंपनीने बँकेतली ठेव काढून संस्थात्मक फंडात घातली आणि फंडाने ती फेडकडे रात्रभरासाठी ठेवली, तर M2 कमी होतो. पण त्या कंपनीचा खर्च त्याने कमी होईलच असं नाही.

फेडने दर वाढवून M कमी केला आणि त्याच दरवाढीने V वाढवला. M आणि V एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत हे लक्षात न घेता M च्या घटीतून भावघटीचं भाकीत काढलं, म्हणून ते फसलं. व्याजदर बदलत असताना V स्थिर धरणं ही या हिशेबातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

चारही वर्षं एकत्र घेतली की मात्र चित्र सिद्धांताच्या जवळ येतं. 2019 च्या शेवटापासून 2023 च्या शेवटापर्यंत पैसा 36 टक्के वाढला, वास्तव उत्पादन साडेनऊ टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि V फक्त 5 टक्के खाली राहिला. V स्थिर धरला असता तर 24 टक्के भाववाढ निघाली असती, प्रत्यक्षात डिफ्लेटर 18 टक्के वाढला. तीन वर्षांवर भाकीत दुपटीहून चुकत होतं, चार वर्षांवर ते एक तृतीयांशाने चुकलं. काळ लांबत गेला तसा V जुन्या जागी परतत गेला आणि M व Y मधली तफावत भावांत उतरत गेली. एका वर्षाच्या भाववाढीसाठी M2 चा आधार घेणाऱ्याला निराशाच मिळेल. किंमतपातळी चार-पाच वर्षांनी साधारण कुठे असेल याचा अंदाज बांधणाऱ्याला मात्र तो बरंच सांगतो.

समीकरण जे सांगू शकत नाही

पुरवठ्यातल्या अडचणींचं काय, हा प्रश्न रास्त आहे. बंदरांवरची कोंडी, चिपचा तुटवडा आणि फेब्रुवारी 2022 नंतर युक्रेन युद्धाने वाढलेले तेल-धान्याचे भाव, हे सगळं Y मधून समीकरणात शिरतं. Y कमी झाला की तेवढ्याच M × V मध्ये P वर जातो. पण एकूण 18 टक्क्यांपैकी किती पैशामुळे आणि किती पुरवठ्यामुळे, हे समीकरण वाटून देत नाही. V मध्येही मागणी आणि भीती मिसळलेली असते.

युरो क्षेत्राची तुलना हीच मर्यादा दाखवते. तिथे व्यापक पैशाची वाढ 2021 च्या सुरुवातीला साडेबारा टक्क्यांच्या आसपास शिखरावर होती, अमेरिकेच्या निम्म्याहूनही कमी. तरीही ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली भाववाढ 10.6 टक्के झाली, अमेरिकेच्या शिखरापेक्षा जास्त. फरकाचा मोठा भाग आयात वायूच्या किमतीतून आला. शिखर किती उंच जाईल हे पैशाच्या आकड्यांवरून ठरवता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणार नाही.

हाच हिशेब भारतासाठी करायचा तर

मुंबईच्या मुख्यालयातून रिझर्व्ह बँक व्यापक पैशाचा, म्हणजे M3 चा, आकडा दर पंधरवड्याला प्रसिद्ध करते. त्यात लोकांकडची रोकड, मागणी ठेवी आणि बँकांतल्या मुदत ठेवी येतात. M3 ची वर्षभरातली सरासरी घ्यावी आणि तिने चार तिमाहींच्या नाममात्र जीडीपीच्या बेरजेला भागावं. मार्चअखेरचा एकच आकडा घेऊ नये, कारण वर्षाअखेरीला बँका ठेवी फुगवतात आणि V कृत्रिमरीत्या खाली दिसतो. ग्राहक निर्देशांकात अन्नपदार्थांचं वजन मोठं असल्याने, कांदा-टोमॅटोच्या एका हंगामाने हलणाऱ्या आकड्याशी M3 ची तुलना करू नये. इथेही डिफ्लेटर, किंवा अन्न आणि इंधन वगळलेली भाववाढ घ्यावी.

नोव्हेंबर 2016 चा काळ या मालिकेत वेगळा तपासावा. नोटाबंदीने चलनातल्या नोटांपैकी मूल्याने 86 टक्के नोटा रद्द झाल्या, पण त्या बँकेत भरल्या गेल्यावर ठेवी वाढल्या, त्यामुळे M3 त्या प्रमाणात घटला नाही. रोकड ठेवीत बदलली आणि एकूण बेरीज जवळपास तीच राहिली. बाजारात मात्र रोखीने होणारे व्यवहार अडले होते. ज्या काळात पैशाचा प्रकार बदलतो, त्या काळात M3 च्या भ्रमणवेगातली घट ही लोकांची पसंती होती की बँकेतून काढण्यावरची मर्यादा, हे आधी ठरवावं लागतं. काढण्यावरच्या मर्यादा मार्च 2017 मध्ये पूर्णपणे उठल्या, म्हणून पुढच्या तिमाहींतला V त्यानंतरच्या आकड्यांवरून वाचावा.